शब्दचर्चा: रिंग ‘बंद करणे’ आणि शेवटची फेरी ‘बंद करणे’

मृण्मयी: अमिगुरुमी पद्धतीच्या, म्हणजे क्रोशाने विणून आत कापूस भरायच्या, एका साध्या चेंडूची कृती मी मराठीत लिहून काढत आहे. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या वेढ्यात, 6 टाके, मग प्रत्येक फेरीत 6 टाके वाढवत 12, 18, 24 आणि 30, पुढे 5 फेऱ्या 30 टाक्यांच्याच, आणि त्यानंतर त्याच क्रमाने घटवत पुन्हा 6, अशी ती आहे. पहिल्या फेरीनंतर ‘रिंग बंद करा’ आणि शेवटी ‘फेरी बंद करा’ असे मी लिहिले होते. माझ्या जावेने त्यावरून चेंडू विणला, तेव्हा सुरुवातीचे टोक घट्ट बसले, पण शेवटच्या टोकाला करंगळी जाईल एवढे भोक राहून त्यातून कापूस दिसू लागला. दोन्ही ठिकाणी धागा फक्त ओढायचा आहे, असा तिचा समज झाला होता. या दोन कृतींसाठी वेगवेगळी क्रियापदे रूढ आहेत का?

विमलकाकू: फेरी बंद करणे म्हणजे फेरीच्या पहिल्या टाक्यात स्लिप स्टिच घालून ती जोडणे. रुमाल विणताना आम्ही कायम असेच म्हणत आलो. त्यानंतर एक साखळी घालून पुढची फेरी सुरू करायची. तुमच्या जाऊबाईंनी ही जोडणी केली नसेल, म्हणून भोक राहिले असावे.

सुईदोरा: काकू, रुमालाच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु अमिगुरुमीत फेऱ्या बहुधा जोडत नाहीत, त्या मळसूत्रासारख्या अखंड चढत जातात आणि फेरीची सुरुवात कळावी म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा खुणेची पिन अडकवतात. तेव्हा तुमच्या अर्थाने येथे एकही फेरी बंद होत नाही, आणि ‘बंद’ या शब्दाचा तिसरा अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून बसलेला असतो, हे मृण्मयीताईंनी लक्षात घ्यायला हवे.

आता रिंगविषयी. बोटांभोवती धाग्याचा वेढा घेऊन सुमारे 15 सेंटिमीटर शेपटी मोकळी ठेवतात, वेढ्याखालून क्रोशाची सुई घालून चालू धागा वर ओढतात आणि एक साखळी घालतात. ती टाका म्हणून मोजायची नाही. त्यानंतरचे सहाही टाके घालताना सुई वेढ्याच्या आणि शेपटीच्या, अशा दोन्ही पदरांखालून गेली पाहिजे. शेपटी ओढली की वेढा लहान होत जातो आणि सहा टाक्यांची पावले मध्यभागी एकत्र येतात. शेपटी ओढूनही वेढा हलत नसेल, तर एखादा टाका वेढा सोडून केवळ शेपटीवर पडला आहे असे समजावे आणि तेथपर्यंत उसवावे. जोर लावल्याने फक्त धागा तुटतो. या क्रियेसाठी ‘ओढून आवळणे’ हे शब्द मला पुरेसे वाटतात.

कपिल_विणतो: आवळल्यावर लगेच शेपटीला आतल्या बाजूने गाठ मारावी, म्हणजे विषय संपतो. माझी एकही रिंग अद्याप सुटलेली नाही.

सुईदोरा: खरखरीत लोकरीला गाठ धरून राहते, हे मान्य आहे. मात्र गुळगुळीत सुती धाग्यात गाठ शाबूत असूनही वेढा सैल पडू शकतो, कारण कापूस ठासून भरला की आतून येणारा दाब वेढ्यालाच ताणतो. म्हणून कापूस भरण्यापूर्वी शेपटी शिवणाच्या सुईत ओवून त्या सहा टाक्यांच्या पावलांमधून आतल्या बाजूने एक वेढा पूर्ण फिरवावी आणि मग उलट दिशेने काही टाके परत आणावी. एवढे केल्यावर गाठ हवी असेल तर मारावी, पण भिस्त तिच्यावर ठेवू नये.

रेशीमकिडा: माझा अनुभव वेगळा आहे. मी मखमली धाग्याने विणते, आणि तो ओढताच त्याचा मधला बारीक दोरा तुटून सगळी लव हातात येते. त्यामुळे मी रिंग करतच नाही. 2 साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहाही टाके घालते. मध्ये बारीकसे छिद्र राहते, पण लवेमुळे ते दिसत नाही. या प्रकाराला ‘रिंग’ म्हणावे की नाही, हे मला ठाऊक नाही.

सुईदोरा: रिंग म्हणू नये, कारण त्यात आवळण्यासारखे काही नसते. मखमली धाग्यासाठी युक्ती उत्तम आहे. साध्या धाग्यात मात्र ते छिद्र दिसते.

मूळ प्रश्नाचा अवघड भाग शेवटच्या फेरीत आहे. तेथे धरून ओढावा असा वेढा मुळातच नसतो, तर सहा टाक्यांचे सुटे माथे असतात, आणि प्रत्येक माथ्यावर पुढचा आणि मागचा असे दोन फंदे असतात. नुसता धागा ओढला तर फक्त शेवटचा टाका आवळला जातो आणि उरलेले पाच जागच्या जागी राहतात. जाऊबाईंच्या चेंडूचे नेमके हेच झाले असावे. म्हणून 20 सेंटिमीटर धागा ठेवून कापावा, शेवटच्या फंद्यातून बाहेर काढावा, शिवणाच्या सुईत ओवावा आणि सहाही टाक्यांच्या केवळ पुढच्या फंद्यातून, भोकाच्या मध्याकडून बाहेरच्या दिशेने, क्रमाने न्यावा. सहावा फंदा झाल्यावर हळूहळू ओढले की फंदे मध्यभागी मिटतात आणि मागचे फंदे आत वळतात. दोन्ही फंदे एकत्र उचलले तर मध्ये बारा पदरांची जाडी जमते आणि धागा कितीही ओढला तरी ती पुरती मिटत नाही. शेवटी सुई मध्यातून आत घालून चेंडूच्या कडेने बाहेर काढावी आणि धागा ताणून कापडालगत कापावा, म्हणजे टोक आपोआप आत जाते. यासाठी मी ‘ओवून आवळणे’ असे लिहीन.

कपिल_विणतो: ‘ओढून’ आणि ‘ओवून’ हा भेद आवडला. एक भर घालतो. मी धागा कापण्यापूर्वी एक स्लिप स्टिच घालतो, त्यामुळे शेवटच्या टाक्याची पायरी दिसत नाही.

सुईदोरा: मी ती घालत नाही. स्लिप स्टिचचा माथा पहिल्या टाक्याच्या पुढच्या फंद्यावर बसतो. नवखी व्यक्ती तो माथाच उचलते आणि खरा फंदा राहून जातो. मग एका बाजूला तिरपी फट दिसते. फट मधोमध गोल असेल तर धागा सैल राहिला असे समजावे, आणि ती कडेला असेल तर एखादा फंदा सुटला असे समजावे.

कपिल_विणतो: फंदे नीट मोजले तर ती अडचण येत नाही. माझी पायरीही दिसत नाही आणि फटही राहत नाही.

मृण्मयी: स्लिप स्टिच कृतीत ऐच्छिक म्हणून लिहिते. पण ‘पुढचा फंदा’ हे नेमके कोणाच्या दृष्टीने? जाऊ विणताना उलटी बाजू आपल्याकडे धरते आणि चेंडू नंतर सुलटा करते. तिला जो पुढचा, तो सुलटा केल्यावर आतला होतो.

सुईदोरा: हा मुद्दा रास्त आहे आणि माझ्या वाक्यात ती संदिग्धता होतीच. भोक मिटवताना चेंडू सुलटा आणि कापूस भरलेला असतो, तेव्हा ‘बाहेरच्या अंगाचा फंदा’ असे लिहिल्यास कोणी कसेही धरून विणले असले तरी एकच फंदा सुचेल. कापूसही 12 टाके उरलेले असतानाच पुरा भरावा; 6 टाक्यांच्या भोकातून तो नीट आत जात नाही.

विमलकाकू: रुमालाचा संदर्भ येथे गैरलागू होता, हे आता कळले. तरीही ‘फंदा’ शब्दाविषयी माझी हरकत आहे. आमच्या बोलण्यात सुईवर असतो तो फंदा, आणि टाक्याच्या माथ्यावरची ती दोन पाती. ‘बाहेरची पात उचला’ म्हटले असते, तर मला पहिल्याच वाचनात समजले असते.

मृण्मयी: काकू, ‘पात’ शब्द मला आवडला, पण इतर वाचकांना तो कळेल का, याची शंका वाटते. सध्या मसुद्यात असे वाक्य आहे: ‘उरलेल्या सहा टाक्यांच्या माथ्यावरील बाहेरच्या अंगाचे फंदे सुईने मध्याकडून बाहेर ओवून घ्या आणि धागा आवळा.’ जाऊ याच वाक्यावरून दुसरा चेंडू विणायला बसली आहे.