मदत हवी आहे: ४के टीव्ही मॉनिटर म्हणून लावलाय, काळी अक्षरं ठीक पण रंगीत आकडे पसरट दिसतात

घोडबंदरकर_मेघा

नमस्कार मंडळी. मी ठाण्याला कासारवडवलीत राहते, ऑफिस वाशीला पण बरेच दिवस घरूनच काम असतं आणि काम म्हणजे दिवसभर एक्सेल. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर डोळे दुखायला लागले म्हणून हॉलमधला ४३ इंची ४के टीव्ही एचडीएमआयने जोडला, विंडोज ११ आहे, रिझोल्यूशन ३८४० × २१६० आणि ६० हर्ट्झ दाखवतं. पांढऱ्यावर काळं वाचता येतं, पण आमच्या शीटमध्ये हिरव्या सेलमध्ये लाल आकडे असतात ते ओल्या कागदावर शाई फुटावी तसे दिसतात, ३ आहे की ८ ते कळत नाही आणि हिशोबात हे चालणार नाही. तीच शीट लॅपटॉपवर एकदम स्वच्छ. टीव्हीचा ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट सगळं करून पाहिलं, काही फरक नाही. संध्याकाळी आईबाबा त्याच टीव्हीवर सेट टॉप बॉक्स बघतात, त्यामुळे त्यांचं चित्र बिघडेल असं काही करायचं नाहीये.

सागर_कोपरी

केबल बदला ताई. बॉक्समधल्या केबल फालतू असतात, चांगली जाड केबल आणा, मी बदलली आणि सगळं सुटलं.

नेरुळ_वायरमन

सागर, केबलने अक्षर पसरट होत नाही रे. एचडीएमआय डिजिटल आहे, केबल कमी पडली तर ठिपके चमकतात, स्क्रीन मधेच काळी होते नाहीतर सिग्नलच येत नाही. फक्त लाल अक्षराची कड फुटायची आणि काळं चांगलं राहायचं, असं केबल करत नाही.

मेघाताई, तुम्ही लिहिलंय ना की काळं ठीक आणि रंगीत खराब, तिथेच उत्तर आहे. सिग्नलमध्ये उजेड वेगळा जातो आणि रंग वेगळा. ४के ६० हर्ट्झला जागा कमी पडली की उजेड प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण पाठवतात, पण रंग चार पिक्सेलना मिळून एकच. म्हणजे रंगापुरता तुमचा ४के टीव्ही १९२० × १०८० चाच उरतो. सिनेमात हे कुणाला कळत नाही, पण लाल अक्षराची दांडी एकदोन पिक्सेलचीच असते, तिचा रंग शेजारच्या हिरव्यात मिसळतो. काळ्यापांढऱ्यात फरक सगळा उजेडाचा म्हणून ते वाचतं.

आधी हे बघा: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, Advanced display. वर टीव्ही निवडा आणि Color format समोर काय लिहिलंय ते सांगा.

घोडबंदरकर_मेघा

YCbCr420 लिहिलंय.

नेरुळ_वायरमन

मग झालं, ४२० म्हणजे तोच चार पिक्सेलना मिळून एक रंग. बहुतेक टीव्हीचं पोर्टच जुन्या पद्धतीवर ठेवलेलं असतं, त्यामुळे टीव्ही लॅपटॉपला सांगतो की ६० हर्ट्झ हवं तर ४२० मध्येच पाठव. ते उघडावं लागतं आणि प्रत्येक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय. सॅमसंगमध्ये Input Signal Plus (जुन्यांत HDMI UHD Color), एलजीत HDMI Ultra HD Deep Colour, सोनीत HDMI signal format मध्ये Enhanced format. लॅपटॉप ज्या पोर्टला आहे त्याच पोर्टला चालू करा, स्क्रीन एकदा काळी होऊन परत येईल. मग Color format मध्ये RGB यायला पाहिजे.

नाही आलं तर लॅपटॉपचं पोर्ट जुनं, एचडीएमआय १.४ वालं असू शकतं. त्यात ४के पूर्ण रंगात फक्त ३० हर्ट्झला मावतं आणि माउस जड चालल्यासारखा वाटतो. अशा वेळी यूएसबी-सीमधून डिस्प्ले निघत असेल तर ४के ६० वालं अडॅप्टर घ्यायचं, दुकानात ६० आहे का ते विचारून, स्वस्तातली बरीच ३० वालीच असतात.

विंडोजमधला एचडीआर मात्र बंदच ठेवा. ८ बिट पूर्ण रंग एचडीएमआय २.० मध्ये जेमतेम मावतो, एचडीआरच्या १० बिटला जागा उरत नाही आणि मग रंग परत कापला जाऊ शकतो.

विलास_कळवा

माझ्याकडे पण सेम प्रॉब्लेम, ३२ इंची एचडी रेडी आहे, डेस्कटॉपला खाली टास्कबार अर्धा कापला जातो आणि सगळंच अंधुक. मी पण हे डीप कलर शोधू का?

नेरुळ_वायरमन

विलासराव, तुमचं वेगळं आहे. कापलं जातं ते ओव्हरस्कॅन, पिक्चर साइजमध्ये Just Scan किंवा Screen Fit असं काही असेल ते लावा, टास्कबार पूर्ण दिसेल. पण एचडी रेडीचं पॅनलच साधारण १३६६ × ७६८ चं असतं आणि कॉम्प्युटर १०८० पाठवतो, ते दाबून बसवावं लागतं. १३६६ × ७६८ चा पर्याय यादीत आला तर लावून बघा, नाही आला तर त्या टीव्हीवर अक्षर याहून फार सुधारायचं नाही.

घोडबंदरकर_मेघा

सेटिंग सापडलं, आता Color format मध्ये RGB आणि ८ बिट दाखवतंय. पण लाल आकडे थोडेच सुधारलेत, कड अजून फुटतेय. आणि एक नवीन, अधूनमधून स्क्रीन सेकंदभर काळी होते, आधी होत नव्हती.

नेरुळ_वायरमन

काळी होणं म्हणजे आता केबल. आधी निम्माच डेटा जात होता म्हणून जुनी केबल खपून गेली. प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली, जमेल तेवढी आखूड घ्या. सागरचं म्हणणं इथे लागू पडतं.

कडेचं कारण दुसरं. लॅपटॉपने रंग पूर्ण पाठवला तरी टीव्ही आत स्वतःचं प्रोसेसिंग करताना तो पुन्हा कापतो. पीसी मोड लावला की ते थांबतं. बऱ्याच टीव्हींत इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करायचं असतं, सोनीत पिक्चर मोड Graphics. नुसता गेम मोड पुरेलच असं नाही. हे त्या एका इनपुटपुरतं असतं, सेट टॉप बॉक्स दुसऱ्या पोर्टला असेल तर आईबाबांचं चित्र तसंच राहील.

मग शार्पनेस, काळ्या अक्षराभोवतीची पांढरी कड जाईपर्यंत खाली आणा. नंतर एक सेल गडद निळा भरा, त्यात लाल १० साइजमध्ये काही लिहा, एक्सेलचा झूम १०० टक्के. लाल दांड्या सुट्या दिसल्या की काम झालं.

घोडबंदरकर_मेघा

दादा, झालं! इनपुटचं चिन्ह पीसी केल्याबरोबर निळ्यावरचं लाल एकदम कापून काढल्यासारखं दिसायला लागलं आणि ३ आणि ८ मधला फरक खुर्चीत मागे टेकून पण कळतो. नवीन केबलने काळी होणं पण थांबलं. फक्त या इनपुटवर पांढरा आता पिवळट वाटतो, आणि ब्राउझरमध्ये काळ्या अक्षराच्या एका बाजूला बारीक लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसते. एक्सेलमध्ये मला तेवढी जाणवत नाही.

नेरुळ_वायरमन

पिवळट म्हणजे कलर टेंपरेचर वॉर्म असेल, थोडं कूलकडे न्या. कड बहुधा पॅनलची. बऱ्याच टीव्हींत लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा असतो आणि विंडोज सरळ क्रम धरून अक्षर गुळगुळीत करतं. विंडोज आणि R दाबून `cttune` चालवा, एका पानावर दोनच नमुने येतात, त्यातला बिनकडेचा निवडा.

सई_ऐरोली

मला नाही वाटत cttune ने पूर्ण जाईल. माझ्या टीव्हीवर ते करून पण ब्राउझरमध्ये राहिलंच, शेवटी क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजचं ते अक्षर गुळगुळीत करणंच, बंद करून बसले, अक्षर जरा जाड झालं पण रंग गेला. मेघा, आधी पांढऱ्या स्क्रीनचा मोबाईलने अगदी जवळून फोटो काढ. काही स्वस्त ४के पॅनलमध्ये चौथा पांढरा ठिपका घालून बाकीचे रंग कमी केलेले असतात, तसं असेल तर कुठलंच सेटिंग पुरं पडत नाही.

घोडबंदरकर_मेघा

आत्ता बाबा बातम्या बघतायत, उद्या सकाळी फोटो काढून इथेच टाकते.