उत्तर: ॲबस्ट्रॅक्टचे चार मथळे

"शोधनिबंधाच्या ॲबस्ट्रॅक्टचा परिच्छेद तसाच ठेवून मध्ये पार्श्वभूमी, पद्धती, निकाल आणि निष्कर्ष हे चार मथळे टाकले की काम झालं ना?"

नाही होत, कारण एका परिच्छेदात बरीच वाक्यं दोन मथळ्यांवर पाय ठेवून उभी असतात. समजा सिंधुदुर्गातल्या लेप्टोच्या अभ्यासात असं वाक्य आहे: 'आयजीएम एलायझाने तपासलेल्या तापाच्या रुग्णांपैकी पॉझिटिव्ह आलेले बहुतेक जण भातलावणीला गेलेले होते.' हे फोडावंच लागतं. कुठलं रुग्णालय, कुठले महिने, कुठल्या निकषावर रुग्ण घेतले, कुठली चाचणी आणि शेतकामाची माहिती कशी विचारली, हे सगळं पद्धतीत. प्रत्यक्षात किती जण सामील झाले, त्यातले किती पॉझिटिव्ह, हे निष्कर्षांत नाही तर निकालांत, आणि 'बहुतेक' काढून तिथे 'इतक्यांपैकी इतके' असे आकडे. पार्श्वभूमीला दोनच वाक्यं पुरतात, दुसरं अभ्यासाच्या उद्देशाचं. (कोकणात पाऊस किती पडतो हे तिथे कशाला?)

फोडताना एक भोक हमखास उघडं पडतं. निकालात फक्त पॉझिटिव्ह रुग्णांचे आकडे असतील आणि निष्कर्षात 'भातलावणीमुळे धोका वाढतो' असं लिहिलं असेल, तर ते टिकत नाही. लावणीच्या दिवसांत अर्धं गाव चिखलातच असतं; निगेटिव्ह आलेल्यांपैकी किती जण शेतात होते हे शेजारी हवं. तो आकडा नोंदींत असेल तर निकालात घाला. नसेल तर निष्कर्ष 'पॉझिटिव्ह रुग्णांत लावणी करणारे बरेच होते' इथवरच थांबवा. शब्दमर्यादा आड आली तर कात्री पार्श्वभूमीला लावा, आकड्यांना नको.