शब्दचर्चा: कल्पित राज्याचे नाव तोंडात कसे बसावे?

प्रश्नकर्ती, नांदेड

मी तीन भागांची अद्भुतकथा-मालिका लिहीत आहे. तिच्यातील राज्य एका प्राचीन अरण्यात वसलेले असल्यामुळे ‘जरत्’ म्हणजे जुने आणि ‘वन’ यांवरून मी त्याचे नाव ‘जरतवन’ ठेवले, आणि मालिकेला ‘जरतवनाचे युगचक्र’ असे नाव दिले. पहिली पाच प्रकरणे चार परिचितांना वाचायला दिल्यावर फोनवर बोलताना एकाने ‘जर्तवन’ म्हटले, दुसऱ्याने ‘जरत्वन’ म्हटले, तिसऱ्या बाईंनी ‘जरतारी’तला ज वापरला, आणि चौथे गृहस्थ शेवटपर्यंत ‘ते तुमचे जंगलातले राज्य’ एवढेच म्हणत राहिले. मला स्वतःला हे नाव फार आवडते. नावातच दोष आहे, की वाचकांना सवय होण्यास थोडा वेळ द्यावा?

माळवद

दोष नावात नसून लेखनात आहे. आपण ‘जरत्वन’ असे जोडाक्षर लिहिले तर निम्मी अडचण सुटेल. ज विषयी म्हणाल तर संस्कृत शब्दांत तो नेहमी तालव्यच असतो, तेव्हा वाचक योग्य तोच उच्चार करतील.

गोदाकाठ

माळवद यांचे पहिले म्हणणे मला पटते, परंतु दुसरे अर्धेच बरोबर आहे. तत्सम शब्दांत ज तालव्य असतो हे खरे, पण समोरचा शब्द तत्सम आहे हे वाचकाला आधी कळावे लागते. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ हे एकाच अक्षरांनी लिहिले जातात, पण त्यांतले ज वेगळे आहेत, आणि आपण वाक्याच्या अर्थावरून ते ओळखतो. कल्पित नावाला असा अर्थाचा आधार नसतो. म्हणून च, ज, झ यांपुढे इ, ई, ए किंवा य नसेल, तर ती अक्षरे अशा नावात टाळलेली बरी. ‘जीव’ किंवा ‘जिरे’ वाचताना कोणी अडखळत नाही.

अकाराचा प्रश्न मात्र याहून खोल आहे. ‘परभणी’ हे नाव नवख्या माणसाला ‘परभ-णी’ असेही वाचता येईल. आपण ‘पर-भणी’ म्हणतो, कारण आपण ते लिहिलेले पाहण्याच्या कितीतरी आधी ऐकलेले असते. आपले राज्य कोणीही ऐकलेले नाही. सलग चार अकारान्त अक्षरे आली की त्यांतला कोणता अ गिळायचा हे प्रत्येक जण आपापल्या कानाप्रमाणे ठरवतो, आणि आपल्या पहिल्या दोन वाचकांकडून नेमके हेच घडले आहे. त्यातच प्रत्यय लागला की गिळण्याची जागा बदलते. ‘कागद’ म्हणताना ग पूर्ण ऐकू येतो, पण ‘कागदावर’ म्हणताना तो द ला चिकटतो. त्यामुळे ‘जरतवन’ आणि ‘जरतवनात’ ही कानाला दोन निरनिराळी नावे वाटू शकतात.

मराठी वाक्यात राज्याचे नाव नुसते क्वचितच येते. राजा राज्यात येतो, राज्यातून पळतो, राज्याची सीमा ओलांडतो. म्हणून नाव पसंत करण्यापूर्वी त्याला ‘-त’, ‘-हून’, ‘-चा’ आणि ‘-कर’ लावून मोठ्याने म्हणून पाहावे. आपल्याच गावांकडे पाहा. ‘औसा’चे बोलण्यात ‘औशाला’ होते, ‘परंडा’चे ‘परंड्याला’ होते, ‘माहूर’चे ‘माहुरात’ होते. ही नावे ओळखीची असल्यामुळे त्यांचे बदललेले रूप आपल्याला खटकत नाही, पण कल्पित ‘तिरंसा’ राज्याचा सैनिक ‘तिरंशाहून’ निघाला, तर मूळ नाव तिरंसा की तिरंशा, असा घोळ वाचकाच्या मनात राहील. याउलट ‘परळी’ आणि ‘सेलू’ कोणताही प्रत्यय लावला तरी तशीच राहतात: परळीत, परळीहून, परळीकर, सेलूत, सेलूहून, सेलूकर.

मालिकेच्या नावात तर आपण थेट षष्ठीच वापरली आहे. वाचकाला मुखपृष्ठावर राज्याचे नाव प्रथमच भेटते तेही बदललेल्या रूपात, आणि मूळ रूप त्याला मागे जाऊन शोधावे लागते.

जिंतूरचा वाचक

मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक लिहिले होते आणि त्यातील राजधानीला ‘अग्निध्वजपूर’ असे भारदस्त नाव दिले होते. तालमीच्या दुसऱ्या दिवसापासून मुले ‘अग्नीपूर’ म्हणू लागली. मी आठवडाभर त्यांना दुरुस्त करीत राहिलो आणि शेवटी संहितेतच ‘अग्नीपूर’ करून टाकले. ताई, आपल्या नाटकात पात्रे किती आहेत?

प्रश्नकर्ती, नांदेड

माझे लेखन कादंबरीचे आहे, नाटकाचे नाही, तरीही आपला अनुभव मला उपयोगी वाटतो. लोक नाव तोडणारच असतील, तर ते कोठे तुटेल हे मीच आधी ठरवलेले बरे.

गोदाकाठ सर, आपण सांगितल्याप्रमाणे मी ईकारान्त नावांचा विचार केला. ‘ओळंबी’ हे नाव मला सुचले आहे. गवंड्याच्या ओळंब्याची त्यात आठवण आहे, आणि माझ्या कथेतील राज्य उभ्या कड्यावर वसलेले आहे.

माळवद

ओळंबी ऐकताच मला अळंबीची भाजी आठवली. फोनवर तर अ आणि ओ यांतला फरक कळणारही नाही.

गोदाकाठ

माळवद यांची शंका रास्त आहे. रोजच्या वापरातल्या शब्दापासून नाव एकाच स्वराच्या अंतरावर असेल, तर कान ओळखीच्या शब्दाकडेच ओढला जातो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते: बोलण्यात अनेकदा ‘पाणी’चे ‘पानी’ होते. म्हणून नावाची ओळख ण वर अवलंबून ठेवू नये. ळ मात्र आपल्याकडे बहुधा टिकतो आणि नाव मराठी मातीतले आहे हे लगेच सांगतो. मोबाइलवर रोमन लिपीत शोधणारे वाचक ळ साठी ‘l’ लिहितील हे गृहीत धरावे, पण तेवढ्यासाठी ळ सोडू नये.

मी ‘मेळंदी’ सुचवतो. तिन्ही अक्षरांचे उच्चार पक्के आहेत, अनुस्वारामुळे मधला अ गिळला जात नाही, आणि मेळंदीत, मेळंदीहून, मेळंदीकर असे सगळे होते.

प्रश्नकर्ती, नांदेड

मग मालिकेचे नाव ‘मेळंदीची गाथा’ असे ठेवता येईल का?

गोदाकाठ

‘गाथा’ म्हटले की मराठी वाचकाला तुकोबांची गाथा आठवते, आणि पैठणच्या परिसरात सातवाहन राजा हालाची गाथासप्तशतीही आठवेल. दोन्ही पद्यरचना आहेत. ‘बखर’ गद्याला साजेशी आहे, दोन अक्षरांत ऐकू येते, आणि राजघराण्याची हकिगत तिच्यात सहज मावते. ‘मेळंदीची बखर’ हे मालिकेचे नाव ठेवून प्रत्येक भागाला स्वतंत्र छोटे नाव द्यावे, असे मला वाटते.

माळवद

बखर म्हटल्यावर दुकानदार पुस्तक इतिहासाच्या कप्प्यात ठेवील. शिवाय ‘मेळंदी’ म्हणताच आळंदी समोर उभी राहते. दिंडी आणि टाळ आठवल्यावर कड्यावरचे राज्य कसे दिसणार?

गोदाकाठ

आळंदीचा प्रतिध्वनी आहे, हे मी नाकारत नाही. त्याच प्रतिध्वनीमुळे नाव लक्षात राहील असे माझे मत आहे, पण ते चुकीचे असू शकते. कप्प्याच्या अडचणीवर माझ्याकडे उत्तर नाही. ताई, आपण एक करा. ज्यांनी हस्तलिखित पाहिलेले नाही अशा दहा जणांना फोनवर हे नाव एकदाच सांगून लिहून घ्या, दुसऱ्या दहा जणांना छापलेले दाखवून मोठ्याने वाचायला सांगा, आणि मध्ये कोणालाही दुरुस्त करू नका. आठ दिवसांनी त्यांनाच राज्याचे नाव विचारा.

प्रश्नकर्ती, नांदेड

फोनवरची चाचणी आज सात जणांवर झाली. सहा जणांनी ‘मेळंदी’ लिहिले आणि एका काकूंनी ‘मेंदी’ लिहिले. ‘बखर’ सातही जणांनी बरोबर लिहिली. पण तिघांनी विचारले की हे राज्य खरोखर कोठे होते.