उत्तर: कॅश नव्हे, पॅकेटची वाट तपासा

> "सर्व्हर मुंबईत, सीडीएनही लावला. तरी सोलापुरातल्या पोरांचा पिंग ७०च्या खाली का येत नाही?"

सीडीएनचं काम फाइलींच्या प्रती जवळ साठवणं. गेमचं पॅकेट दर वेळी नवं, तो साठवणार काय? शिवाय साधा सीडीएन एचटीटीपी नेतो. बहुतेक रिअल-टाइम गेम यूडीपी वापरतात, आणि गेमचं यूडीपी त्यातून जातच नाही. एडब्ल्यूएसचा ग्लोबल अ‍ॅक्सिलरेटर यूडीपी घेतो. एनीकास्टमुळे एकच आयपी अनेक शहरांतून जाहीर होतो, आणि एजपासून, म्हणजे एडब्ल्यूएसच्या जवळच्या केंद्रापासून, पुढे पॅकेट त्यांच्याच नेटवर्कवरून जातं. मात्र एजपर्यंतची वाट तुमचा आयएसपीच ठरवतो.

म्हणून आधी सोलापुरातूनच सर्व्हरच्या आयपीवर `mtr` चालवा; पॅकेट कुठून कुठून जातं आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो, ते त्यात दिसतं. मुंबई सुमारे ४०० किमी. फायबरमधून जाऊन-येऊन किमान ४ मिलिसेकंद, त्यामुळे १५-२० ठीक. ७० म्हणजे पॅकेट बहुधा सिंगापूरला वळसा घालतंय. अ‍ॅक्सिलरेटरचा आयपीही तिकडेच गेला, तर पैसे वाया. आयएसपीलाच `mtr` पाठवून मार्ग बदलून घ्या.