स्पर्धेच्या तोंडावर क्रिएटिन

"सर, स्पर्धा दहा दिवसांवर आली. आजपासून क्रिएटिन सुरू करू का?"

आत्ता नको. तुझं वजन आज 73.4 किलो, वजनगट 74 किलोपर्यंतचा. लोडिंग केलंस, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस रोज 20 ग्रॅमचा मोठा डोस घेतलास, तर पाच-सात दिवसांत स्नायूंतला साठा भरेल खरा, पण क्रिएटिन सोबत पाणीही धरून ठेवतं. काट्यावर किलोभर सहज वाढेल. मग ते उतरवायला तू जेवण-पाणी तोडणार, आणि कमावलेली ताकद तिथेच घालवणार. (पोट बिघडलं तर आणखी वेगळंच.) रोज 3 ग्रॅम घेतलंस तर साठा भरायला चारेक आठवडे लागतात, म्हणजे या स्पर्धेला उपयोग नाममात्र. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवसापासून रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घे, लोडिंग न करता. महिनाभर सकाळचं वजन लिहून ठेव, पुढचा गट त्यावरून ठरवू.