‘दोन्ही मॉडेलं हो म्हणतात’ हे वाचून राहवलं नाही

एमबीए_फायनल_बेळगाव:
स्ट्रॅटेजीच्या असाइनमेंटचा सार टाकतोय, मत द्या. अन्सॉफचं मॅट्रिक्स, म्हणजे माल जुना-नवा आणि बाजार जुना-नवा असे वाढीचे चार चौकोन, १९५७ चं, फक्त बाजाराकडे बघणारं, आता कालबाह्य. त्याची जागा कंपनीच्या आतल्या बळाकडे बघणाऱ्या रिसोर्स-बेस्ड व्ह्यूने घेतली: आधी कोअर कॉम्पिटन्स, म्हणजे आपलं मूळ कसब, ओळखा, वाढीची दिशा आपोआप सुचते. उदाहरण उद्यमबागेतल्या फौंड्रीचं घेतलंय. ग्रे कास्टिंगवाल्याने एसजीत, म्हणजे मॅग्नेशियम घालून ग्राफाइटचे गोळे केलेल्या चिवट बिडात, जाणं म्हणजे प्रॉडक्ट डेव्हलपमेंट: नवा माल, जुना बाजार. गिऱ्हाईक तेच, म्हणून जोखीम कमी. कोअर कॉम्पिटन्स ओतकाम, ते आहेच. म्हणजे दोन्ही मॉडेलं हो म्हणतात.

उद्यमबागेतला_जुना:
या शेवटच्या वाक्यापायी माझे अठरा महिने गेलेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आम्ही पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो, ग्रे बिडात, वडिलांपासून. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, हीच बॉडी एसजीत द्याल का? माणूस ओळखीचा, पॅटर्न जवळपास तोच, भट्टी तीच. मी हो म्हणालो. पहिल्या लॉटमधले दोनशेतले साठ नग परत आले. कोडं असं की एकाच लाडलमधले, म्हणजे ओतायच्या एकाच भांड्यातले, आधी ओतलेले नग चांगले आणि शेवटचे खराब. हातोडीने वाजवलं की चांगला एसजी घंटेसारखा वाजतो. आमचे शेवटचे नग नुसते ठक्क.

तिसऱ्या लॉटला डोक्यात प्रकाश पडला. मॅग्नेशियम घातलं की घड्याळ सुरू होतं. ते विरत जातं, आणि दहा-बारा मिनिटांत ओतणं आटोपलं नाही तर ग्राफाइटचे गोळे नीट होत नाहीत. आमची पोरं ग्रेच्या सवयीने निवांत ओतत होती. त्यात बिडातलं गंधक. ग्रेला थोडं गंधक लागतंच, एसजीत तेच वैरी, कारण घातलेलं मॅग्नेशियम आधी तेच खाऊन टाकतं.

आणि आमचा सगळ्यात मुरलेला मोल्डर, तीस वर्षं झालेला, रायझर, म्हणजे नग आकसताना त्याला धातू पुरवणारा साच्यातला जादा साठा, वाढवायला तयार होईना. ग्रेमध्ये त्याचं बरोबरच होतं. थंड होताना ग्राफाइट फुगतं आणि आकसणं बरंचसं भरून निघतं. एसजीत साचा जरा मऊ राहिला की ते फुगणं साच्याला बाहेर ढकलण्यात जातं आणि आत पोकळी राहते. म्हणजे ज्या हाताच्या जोरावर आम्ही इतकी वर्षं जगलो, तोच हात आडवा आला.

आता अन्सॉफ. त्याचा १९५७ चा लेख मी नंतर काढून वाचला, पैसे गेल्यावर. पहिल्या तीन रस्त्यांना साधारणपणे तेच तांत्रिक, आर्थिक आणि विक्रीचं बळ पुरतं, आणि डायव्हर्सिफिकेशनला, म्हणजे नवा माल नव्या बाजारात न्यायला, नवी कौशल्यं, नवी तंत्रं, नव्या सोयी लागतात, असं त्याने सरळ लिहिलंय. म्हणजे आतल्या बळाचा विचार त्यात नव्हता असं नाही, तो गृहीत धरलेला होता. लॉकहीडसारख्या विमानं बनवणाऱ्या कंपनीत बसलेल्या माणसाला ते ‘साधारणपणे’ परवडलं असेल. माझे साठ नग त्याच शब्दात बुडाले.

त्याच वर्षी ग्रे बॉडी मशीनिंग करून जर्मनीला पाठवायची विचारणा आली होती. बाजार नवा, परदेशातला, म्हणून लांबचं वाटलं आणि मी सोडून दिली. शेजाऱ्याने घेतली. कागदपत्रांचा ढीग करावा लागला त्याला, पैसे तीन-तीन महिने अडकले, पण ओतकामात एक गोष्ट नवी शिकावी लागली नाही. चौकोनात एसजी जवळचं दिसत होतं आणि जर्मनी लांब. शॉपमध्ये उलटं होतं.

एमबीए_फायनल_बेळगाव:
सर, अनुभवाबद्दल आदर आहे, पण एका फौंड्रीवरून थिअरी चुकीची ठरत नाही. आणि तुमच्या गोष्टीतून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? अन्सॉफ फसला, रिसोर्स-बेस्ड व्ह्यू जिंकला.

शहापूरची_मास्तरीण:
जिंकला कुठं रे? ‘ओतकाम आहेच’ असं लिहून तू तोच चष्मा लावला होतास आणि तुलाही खड्डा दिसला नाही. कॉम्पिटन्सचं नाव जितकं मोठं ठेवशील तितकं काहीही त्यात बसतं. ‘ओतकाम’ म्हटलं की एसजी जवळचं. ‘सावकाश थंड होणाऱ्या जाड ग्रे बॉडीला कमी रायझरमध्ये गळती न होता ओतणं’ म्हटलं की एसजी परकं. आता यातलं कुठलं नाव बरोबर, हे ठरवायची पट्टी थिअरीत शोधून दाखव.

दुसरं, ‘जागा घेतली’ हे खोड. अन्सॉफच्याच १९६५ च्या पुस्तकात क्षमतांचा तक्ता आहे: सोयी, माणसांचं कौशल्य, संघटनेची आणि व्यवस्थापनाची ताकद, आणि ते प्रतिस्पर्ध्याशी ताडून बघा असं सांगितलंय. लोकांनी चार चौकोन उचलले, तक्ता पुस्तकातच राहिला. एका पानावर मावतं तेच टिकतं.

सीएनसीवाला:
एवढं पुराण कशाला? ज्याच्याकडे मशीन त्याचा कोअर कॉम्पिटन्स. मी दोन व्हीएमसी, उभ्या सीएनसी मशिनी, घेतल्या, काम चालत आलं. ज्यांच्याकडे नव्हत्या ते बघत बसले. विषय संपला.

उद्यमबागेतला_जुना:
मशीन आली म्हणून काम आलं, हे खरंय, मान्य. पण तुमच्या गल्लीत आता किती जणांकडे व्हीएमसी आहे? आणि तासाचा दर तेव्हा काय होता, आता काय आहे?

सीएनसीवाला:
दर पडलाय. त्याचा इथं काय संबंध?

शहापूरची_मास्तरीण:
तोच तर संबंध. बँकेचं कर्ज काढून शेजाऱ्याला सहा महिन्यांत आणता येतं ते चांगलं असतं, पण टिकत नाही. कोअर कॉम्पिटन्स हा शब्द रुजवणाऱ्या प्रल्हाद-हॅमेलच्या १९९० च्या लेखात तीन कसोट्या आहेत: अनेक बाजारांची दारं उघडतंय का, गिऱ्हाइकाला जाणवणाऱ्या फायद्यात भर घालतंय का, आणि नक्कल अवघड आहे का. तुमची मशीन पहिल्या दोन पास, तिसरीत नापास.

सीएनसीवाला:
बाई, ती कसोटी कॅनन आणि होंडासाठी. माझ्याकडे अकरा माणसं आहेत.

शहापूरची_मास्तरीण:
हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, इच्छा नसताना. तो लेख अनेक धंदे असलेल्या मोठ्या कंपन्यांसाठी होता. जगात पुढे राहण्याजोग्या पाच-सहापेक्षा जास्त गोष्टी क्वचितच कुणाकडे असतात, असं तेच म्हणतात. अकरा माणसांत एखादी निघाली तरी नशीब.

कोरवाला:
मंडळी, कोर म्हणजे वाळूचाच कोर ना? मग ऐका माझं. कोर करणाऱ्या बायका मिळंना झाल्यात. शिकवायचं आमी, आणि हात बसला की शिरोलीचा फोन येतोय, चालल्या. ह्याच्यावर कोण लिवतंय का मॅट्रिक्स?

उद्यमबागेतला_जुना:
चुकून मुद्द्यावरच आलात की ओ. हात एका माणसात असला तर तो माणसाबरोबर जातो. आमच्या मोल्डरने रिटायर होताना वाळू मुठीत दाबून बघायची खूण सोबत नेली. कंपनीकडे काय राहिलं? त्याला मी आता माझी ताकद म्हणणार नाही.

अथणीचा_पाहुणा:
ताकदीचं म्हणालात म्हणून. आमच्याकडे चपलेचं काम पिढ्यान्‌पिढ्या. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात, त्याला आठवडे लागतात, घाई केली की बिघडतं. दुर्मीळ, मोलाचं, नक्कल अवघड. थिअरीप्रमाणे अथणी श्रीमंत पाहिजे. घरं येऊन बघा. नाव कोल्हापूरचं, घाम आमचा.

रंकाळ्याचा_जावई:
सुरू झालं! कोल्हापूर नाव नसतं तर अथणीची चप्पल विकत कुणी घेतली असती? बाजारपेठ कुणी उभी केली? नाव म्हणजे फुकट मिळालेली वस्तू वाटते का?

अथणीचा_पाहुणा:
नाव कागदावरही दोघांचं आहे, विसरू नका. २०१९ च्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, चार जिल्हे तिकडचे, चार इकडचे: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

रंकाळ्याचा_जावई:
मग वापरा की. कोण अडवतंय? दुकान महाद्वार रोडवर काढायला धमक लागते.

निपाणीकर:
दोघंही भांडा, तोवर प्राडाने मिलानमध्ये तीच चप्पल चालवली, जून २०२५. सुरुवातीला ‘लेदर सँडल’ एवढंच म्हणाले, ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. जीआयने काय अडवलं? काही नाही, कारण जीआय नावाला कुलूप लावतं, पट्ट्याच्या घाटाला नाही. नाव घेतलं नाही की विषय मिटला.

अथणीचा_पाहुणा:
म्हणजे आमचं राखलं ते नाव, ज्याचा भाव तिकडे मिळतो. आणि जे आमचं खरं, ते उघड्यावर.

सीमावासी_८६५:
हेच होणार. गावं तिकडे असती तर...

शहापूरची_मास्तरीण:
सीमाप्रश्न इथं नको, हात जोडते. सत्तर वर्षांत सुटला नाही, या असाइनमेंटमध्ये सुटणार नाही.

पण अथणीवाल्यांचं बोलणं सोडून देऊ नका. रिसोर्स-बेस्ड व्ह्यूवाल्या बार्नीचा १९९१ चा लेख मोल, दुर्मीळपणा, नक्कल आणि पर्याय या चार गोष्टी विचारतो. फायदा तयार होईल का, एवढं त्यातून कळतं. तो कुणाच्या खिशात जाईल हे वेगळंच. कारागिराकडे हात आहे, पण गिऱ्हाइकापर्यंतचा रस्ता नाही, आणि दलाल चार घरांतून माल उचलू शकतो. हात दुर्मीळ असला तरी तो एकटा कारागीर दलालाला दुर्मीळ नसतो.

रंकाळ्याचा_जावई:
म्हणजे दुकानदार चोर, असंच ना?

शहापूरची_मास्तरीण:
चोर कुणी म्हटलं? दुकान, नाव, गिऱ्हाईक ही तुमची जमवलेली ताकदच आहे. ती कारागिराच्या ताकदीपेक्षा महाग विकली जाते, एवढंच.

रंकाळ्याचा_जावई:
बरं. एवढं चालेल. आयुष्यात पहिल्यांदा बेळगावकरांनी काही मान्य केलं म्हणायचं.

एमबीए_फायनल_बेळगाव:
माझा मूळ प्रश्न चपलेखाली गेला. ‘कालबाह्य’ शब्द काढतो, ठीक आहे. पण मग अन्सॉफ आणि रिसोर्स-बेस्ड व्ह्यूची तुलना करायची कशी? एक दिशा सांगतो, दुसरा नुसता ‘आत बघा’ म्हणतो. आणि जुने सर, तुम्ही शेवटी एसजी सोडलंत की ठेवलंत?

उद्यमबागेतला_जुना:
ठेवलं. वेगळी छोटी भट्टी, कच्चा माल वेगळा, एसजीचे रायझर-रनर ग्रेच्या चार्जमध्ये पडू नयेत म्हणून लाल रंग मारतो. लाडल लहान केली. प्रत्येक लाडलच्या शेवटच्या ओतण्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघतो, पहिल्याचा नाही. जुन्या मोल्डरला तिथं नेलाच नाही, दोन नवी पोरं घेतली ज्यांना ग्रे येत नव्हतं. नव्या धंद्याला जो खर्च येतो तेवढा आला. कागदावर मात्र तो अजून ‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट’च आहे.

सीएनसीवाला:
म्हणजे शेवटी मशीनच घेतलीत ना, भट्टी? मी काय म्हणत होतो?

उद्यमबागेतला_जुना:
घेतली. आणि पहिले चार महिने तिच्यातूनही भंगारच निघालं.

शहापूरची_मास्तरीण:
तुलनेचं विचारालायस ना? चौकोनात प्रत्येक पर्याय मांड, आणि प्रत्येकाखाली लिही: यातलं काय आपल्याला आज येतं, काय नव्याने शिकावं लागेल, आणि जुनं काय विसरावं लागेल. तिसरा रकाना कुठल्याच चौकोनात नाही. पण हे करूनही जर्मनी घ्यायचं की एसजी, हे तुला थिअरी सांगणार नाही. यांच्या शेजाऱ्याचे पैसे बुडालेही असते.

एमबीए_फायनल_बेळगाव:
उद्या सबमिशन आहे मॅडम. एसजीचा चौकोन बदलू का?

उद्यमबागेतला_जुना:
चौकोन तोच ठेव. ‘जोखीम कमी’ तेवढं खोड.

कोरवाला:
ते सगळं हूंदे. कोर करणारं कोण असलं तर सांगा, दोन शिफ्ट आहेत.