जिवलग मैत्रिणीचं लग्न आणि मागे राहिलेले आपण: अनुभव धागा

हळदीत मनापासून नाचायचं आणि पाठवणीला हुंदके आवरत नाहीत. आनंद खरा, पोटातला खड्डाही खरा. मांडव उतरल्यानंतरचे दिवस कसे निभावायचे, काय चुकतं, ते लिहा.

बोरीकाठ: पाठवणीचं रडू तेवढ्यापुरतं असतं. खरं एकटेपण चार-सहा दिवसांनी जाणवतं. लग्नघरात पापड, रुखवत, मेंदी, पाहुण्यांच्या गाद्या, सतत हाताला काम असतं. ते थांबतं आणि नेमकी तेव्हाच ती सत्यनारायण, कुलदैवत, नातेवाइकांची जेवणं यात अडकते. फोन वाजतो तेव्हा सासूबाई शेजारी असतात, म्हणून ती "बरी आहे गं" म्हणून ठेवून देते. इकडे वाटतं, परकी झाली. तिला बोलायला कोपरा मिळालेला नसतो, एवढंच. पहिले पंधरा दिवस फोन नको. एखाद्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, गल्लीतल्या बातमीचा, उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न न घालता. पुढे दुपारची भांडी आवरल्यावर तिला कधी सवड असते, ते तिलाच ठरवू द्या.

एरंडोलची: आहेराला साडी द्यावी की पाकीट?

बोरीकाठ: ताई, तो प्रश्न वेगळा. इथे लग्नानंतरचं चाललंय.

तापीवरची: काळजी कशाला, पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येतेच. सासरचे नाही म्हणूच शकत नाहीत.

बोरीकाठ: रीत तशी आहे, पण खात्री धरू नका. समजा लग्न फेब्रुवारीत झालं, सासर सुरतेला. आखाजी एप्रिल-मे मध्ये. नवऱ्याची सुट्टी, गाडीची गर्दी, सगळं जुळलं तर तीन-चार दिवस मिळतात. त्यातही आखाजीच्या सकाळी घागर भरायची, पितरांचं जेवण, खापरावरचे मांडे; आई तिला सोडत नाही. तेव्हा घरी जाऊन बसलं तर दारात दोन शब्द होतात आणि मन आणखी खट्टू होतं. मुराळी आणायला निघायच्या आधीच तिच्या आईला सांगून एक दुपार मागून ठेवा. निंबाला झोका बांधलेला असतो, तिथे बायका गाणी म्हणत असतात, दोघी बाजूला बसल्या तर कोणी विचारत नाही.

आणि एक: पहिला तासभर ती फक्त सासरचंच बोलेल, जाऊबाई, तिथलं जेवण, नवरा. 'यात मी कुठेच नाही' असं वाटतं आणि बरेचदा इथेच अबोला सुरू होतो. तेवढं ऐकून घ्या. ओझं उतरलं की ती आपणहून तुमचं विचारते.

तापीवरची: आणि नाहीच विचारलं तर?

बोरीकाठ: तर स्वतःहून सांगा, "आता माझं ऐक." रुसून उठू नका.

पारावरचा: आम्हा मुलांना आखाजी कुठली! माझा जिवलग लग्नानंतरही गावातच आहे, घर चार ओळी पलीकडे, पण संध्याकाळी पारावर येत नाही. वहिनी नवीन, घरी जायला संकोच वाटतो. बोलावलं तर "येतो" म्हणतो, येत नाही.

बोरीकाठ: दादा, एकदा दोघांना मिळून तुमच्या घरी वरण-बट्टीला बोलवा. वहिनींशी ओळख झाली की तुमचा संकोच जाईल. तो पारावर परत येईल का, ते मात्र मला सांगता येणार नाही.